आजीचे ‘पानी’, नातवाचे ‘पाणी’

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातील एखाद्या घरात आजी ‘पानी’ म्हणते आणि नातू ‘पाणी’ म्हणतो, असे समजू. तेवढ्यावरून तेथील मराठीचा उच्चार बदलतो आहे, असे म्हणता येईल का?

लहानपणी जडलेले उच्चार पुढे फारसे बदलत नाहीत, असे गृहीत धरले, तर सत्तरीच्या माणसाच्या तोंडून सुमारे साठ वर्षांपूर्वीची भाषा ऐकू येते. निरनिराळ्या वयांची माणसे एकाच वेळी ऐकून भाषेतील बदलाचा अंदाज बांधण्याच्या या रीतीला आपण ‘आभासी काळा’ची रीत म्हणू.

१९६२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने ती वापरली. तेथील पुष्कळ लोक ‘फोर्थ फ्लोर’मधील दोन्ही ‘र’ गाळत, पण ‘र’ उच्चारणे प्रतिष्ठेचे होऊ लागले होते. लबॉव्ह महाग, मध्यम आणि स्वस्त अशा तीन मोठ्या दुकानांत गेला. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कोठे आहे, असे तो विक्रेत्यांना विचारी. उत्तर मिळाले की ऐकू न आल्याचे दाखवून पुन्हा वदवून घेई आणि आडोशाला जाऊन ‘र’ आला की नाही, हे टिपून ठेवी. वय अर्थात अंदाजानेच लिहावे लागे.

महागड्या दुकानात तरुण विक्रेते ‘र’ अधिक उच्चारत होते. म्हणजे ‘र’ वाढतो आहे, असा निष्कर्ष निघाला असता. परंतु मधल्या दुकानात उलटेच दिसले. तेथे वयस्क मंडळींच्या बोलण्यात ‘र’ जास्त होता! लबॉव्हने याचे कारण असे सुचवले, की या थरातील माणसे मोठेपणी वरच्या थराचे अनुकरण करून आपला उच्चार बदलतात. म्हणजे मूळ गृहीतकच येथे लागू पडत नव्हते.

मग खरे काय, हे कसे ठरवायचे? काही वर्षांनी पुन्हा जाऊन ऐकायचे. १९८६ साली जॉय फाउलर यांनी हीच पाहणी पुन्हा केली. स्वस्त दुकान तोवर बंद झाले होते, म्हणून त्यांनी तशाच दुसऱ्या दुकानाची निवड केली. २४ वर्षांत ‘र’ वाढला होता, पण फार सावकाश.

आता आपल्या आजीकडे वळू. ती लग्नानंतर विदर्भातून किंवा खानदेशातून पिंपरीला आलेली असेल, तर तिचे ‘पानी’ तिच्या गावचे आहे. जुन्या पिंपरीचे नव्हे. आजी व नातू यांतील फरक मग काळाचा नसून गावाचा ठरतो. कारखान्यांमागोमाग दूरदूरची माणसे येऊन वसलेल्या या पट्ट्यात ही चूक सहज होईल. म्हणून पाहणी करताना प्रत्येकाचे वय विचारावे, आणि त्याबरोबरच बालपण कोठे गेले हेही विचारावे. येथेच वाढलेल्यांची तुलना वेगळी करावी. शिवाय शाळेत वाचून दाखवताना ‘पाणी’ म्हणणारा नातू खेळताना काय म्हणतो, हेही ऐकावे.

एवढे करूनही हाती येतो तो अंदाजच. त्याचा पडताळा वीस वर्षांनी त्याच वस्तीत जाऊन घ्यावा लागेल. म्हणून आजच्या नोंदी तारीख घालून नीट जपून ठेवाव्यात.