तळटीप : कॉलिस फ्रॅक्चर आणि अंगठ्याची कंडरा

* हाड जितके जास्त सरकले तितकी गुंतागुंत जास्त, असे कॉलिस फ्रॅक्चरच्या वर्गीकरणावरून लेखकाने येथे सुचवले आहे. हे अर्धेच खरे आहे. हाड वाकडे जुळणे किंवा मीडियन नर्व्ह दबणे याला ते लागू पडते. अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, एक्स-रे नसताना, या फ्रॅक्चरचे वर्णन केले तेही मनगटाच्या बाहेरून दिसणाऱ्या विकृतीवरूनच. पण अंगठा ताठ करणारी लांब कंडरा तुटते ती बहुधा न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये, दुखापतीनंतर काही आठवड्यांनी. लिस्टरच्या उंचवट्याजवळचे तिचे आवरण अशा वेळी शाबूत राहते. आत रक्त साचून दाब वाढतो, मुळात तुटपुंजा असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो आणि ती विरत जाऊन तुटते. हाडाच्या खडबडीत कडेवर घासूनच ती तुटते, असा आक्षेप येईल. घर्षण असतेच, पण तेवढेच कारण असते, तर जास्त सरकलेल्या हाडांवर ती अधिक वेळा तुटली असती. म्हणून शॉर्ट केसमध्ये मनगट सरळ दिसले तरी रुग्णाला तळहात टेबलावर पालथा, सपाट ठेवून फक्त अंगठा वर उचलायला सांगावे. तो उचलला गेला नाही, तर विरलेली टोके शिवून सहसा भागत नाही. तर्जनीची जादा कंडरा वळवून तिथे जोडतात.