दुपारची पेंग : जेवणाची, घड्याळाची की रात्रीची?

मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास कोणालाच नको असतो. मुले जड डोळ्यांनी फळ्याकडे पाहत असतात आणि शिकवणाऱ्यालाही जांभई आवरावी लागते. जेवल्यावर रक्त पोटाकडे धावते, मेंदूला कमी पडते आणि म्हणून झोप येते, असे स्पष्टीकरण आपण ऐकत आलो आहोत. पण मेंदूचा रक्तपुरवठा शरीर काटेकोरपणे सांभाळते. एका जेवणाने तो घटत नाही. मग ही पेंग येते कोठून? रात्री झोप नीट न झाल्यामुळे येणारी पेंग आणि ही पेंग एकच का? या प्रश्नांची उकल कशी होत गेली, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीचा एक चांगला पुरावा मिळाला तो स्वीडनमधील एका गॅस कारखान्याच्या वह्यांतून. तेथील कामगार तिन्ही पाळ्यांत ठरावीक वेळी मापकांवरचे आकडे वाचून वहीत नोंदवत. 1912 ते 1931 या काळातील नोंदींमध्ये झालेल्या चुका बियर्नर, होल्म आणि स्वेन्सन या संशोधकांनी वेळेनुसार मांडल्या व 1955 मध्ये प्रसिद्ध केल्या. सर्वाधिक चुका पहाटे तीनच्या सुमारास होत, हे अपेक्षितच होते. मात्र आलेखात दुसरा, लहानसा उंचवटा होता आणि तो भर दुपारी होता.

परंतु चूक म्हणजे झोप नव्हे. चूक कंटाळ्यानेही होते, आणि कामगार दुपारी जेवतही होतेच. खुद्द झोपाळूपणा मोजता आल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते.

ही मोजपट्टी तयार केली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कारस्कॅडन आणि विल्यम डिमेंट यांनी, 1970 च्या दशकात. 'झोप येते आहे का?' असे विचारून भागत नाही, कारण चालताना, बोलताना, उजेडात माणसाला आपली झोप जाणवत नाही. त्यांनी प्रश्न उलटा केला. माणसाला अंधाऱ्या, शांत खोलीत आडवे करायचे, झोपायला सांगायचे आणि झोप लागायला किती मिनिटे लागतात ते मेंदूच्या विद्युत आलेखावरून, म्हणजे ई.ई.जी.वरून मोजायचे. झोप लागली की लगेच उठवायचे, म्हणजे त्या डुलकीचा फायदा पुढच्या चाचणीला मिळत नाही. वीस मिनिटांत झोप लागलीच नाही तर चाचणी थांबवायची. असे दिवसभर दर दोन तासांनी करायचे. मिनिटे जितकी कमी, तितका झोपाळूपणा जास्त. सरासरी पाच मिनिटांच्या खाली गेली तर तो तीव्र झोपाळूपणा मानला जाऊ लागला.

या चाचणीतून काय दिसते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. रात्री पुरेशी झोप झालेल्या एका तरुणाला सकाळी दहा, बारा, दुपारी दोन, चार आणि सायंकाळी सहा वाजता झोप लागायला अनुक्रमे 18, 15, 9, 13 आणि 19 मिनिटे लागली, असे समजा. आलेखावर मध्यभागी एक दरी दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंना जमीन उंचच आहे. आता हाच तरुण आठवडाभर रोज पाचच तास झोपला, तर हे आकडे 7, 5, 2, 4, 7 असे काहीसे होतील. दरी तेथेच आहे, पण आजूबाजूची सारी जमीनच खचली आहे. निरोगी माणसाची दुपारची सुस्ती आणि अपुऱ्या झोपेचा परिणाम यांतला फरक तो हाच.

हे उदाहरण रचलेले असले तरी त्यामागचा प्रयोग खरा आहे. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारस्कॅडन व डिमेंट यांनी तरुण स्वयंसेवकांना सलग सात रात्री पाचच तास झोपू दिले. झोपाळूपणा एका पातळीवर स्थिरावला नाही. तो दिवसागणिक वाढत गेला. दुकानदाराच्या उधारीच्या वहीप्रमाणे झोपेचीही बाकी पुढे ओढली जाते. गंमत अशी की, कमी झोपणाऱ्याला ही बाकी स्वतःला फारशी जाणवत नाही. 2003 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामातील अचूकता घसरतच गेली. त्यांच्या मते मात्र ते काही दिवसांनंतर पूर्वीपेक्षा फारसे अधिक झोपाळू राहिले नव्हते.

मग जेवणाचे काय? कारस्कॅडन व डिमेंट यांनी 1992 मध्ये याचा निकाल लावला. त्यांनी माणसांना अखंड एकाच परिस्थितीत ठेवले आणि भरपेट जेवणाऐवजी थोडे थोडे अन्न समान अंतराने दिले. तरीही दुपारी झोप लवकर लागण्याचा खड्डा दिसलाच. म्हणजे भरपेट जेवण हे मूळ कारण नव्हे. भाताचे ताट ही सुस्ती वाढवू शकते, पण ती निर्माण करीत नाही.

मूळ कारण बहुधा दोन प्रक्रियांच्या ओढाताणीत आहे. स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये तशी कल्पना मांडली होती. जागे झाल्यापासून झोपेचा दाब सतत वाढत जातो, तर मेंदूतील जैविक घड्याळ दिवस पुढे सरकेल तसे जागे ठेवणारा जोर वाढवते. दुपारी दाब बराच साचलेला असतो आणि घड्याळाचा जोर अजून पुरता आलेला नसतो. सायंकाळी तो येतो. इस्राएलचे पेरेट्झ लावी यांनी 1986 मध्ये दाखवले की रात्रभर जागलेल्या माणसांनाही सायंकाळी एका ठरावीक काळात झोप लागणे कठीण जाते. दुपारचा खड्डा केवळ या ओढाताणीचा, की घड्याळाचाच बारा तासांचा वेगळा ताल आहे, याविषयी मात्र एकमत नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे निरीक्षण स्टॅनफर्डच्या उन्हाळी 'निद्रा शिबिरा'तून आले. 1976 पासून तेथे काही मुलांना वर्षानुवर्षे बोलावून त्यांची झोप मोजली गेली. त्यांना रात्री अंथरुणात दहा तास दिले जात. वयात न आलेली मुले दिवसभरातील चाचण्यांत बहुधा झोपतच नसत, दुपारीसुद्धा नाही. तीच मुले वयात येऊ लागली तेव्हा रात्रीची झोप तेवढीच, म्हणजे नऊ तासांहून थोडी अधिक राहूनही, दुपारी पेंगू लागली. वाढत्या वयाबरोबर झोपेची गरज कमी होते, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

यावरून वर्गासाठी दोन गोष्टी निघतात. नववी-दहावीचा विद्यार्थी दोन वाजता डोळे चोळत असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. तो निरोगी असू शकतो. तोच सकाळी दहा-अकरा वाजताही पेंगत असेल, रविवारी दोन-तीन तास जास्त झोपत असेल, तर रात्रीची झोप अपुरी आहे असे समजावे. दुसरी-तिसरीतले मूल मात्र दुपारी वर्गात झोपत असेल, तर ती वयाची साधी सुस्ती मानू नये. ते रात्री किती वाजता झोपते, घोरते का, घरी आजारपण किंवा काही त्रास आहे का, हे पालकांना विचारावे. आणि पुरेशी झोप होऊनही एखादे मूल सकाळ-संध्याकाळ झोपाळलेले राहत असेल, तर प्रश्न वर्गात सुटणार नाही. त्याला डॉक्टरांकडे पाठवायला हवे.

रटाळ तास झोप आणत नाही. आधीच साचलेली झोप तो फक्त उघडी पाडतो. म्हणून डुलकी घेणाऱ्याला आळशी ठरवण्याआधी त्याची सकाळ पाहावी. दुपार सर्वांचीच सारखी असते.