नावनोंदणीचे मूळ ताटात

‘लेखक आपल्या भेटीला! शनिवार, सायंकाळी ६. जागा मर्यादित. नावनोंदणी आवश्यक.’ पुस्तकांच्या दुकानांच्या पोस्टखाली हा मजकूर हमखास दिसतो. त्यातली वेळ सगळ्याच कार्यक्रमांना लागते, तिची कुळकथा नाही. खरी गंमत पुढच्या दोन तुकड्यांत आहे.

मर्यादित जागेचे सर्वांत मजेदार उदाहरण डब्लिनचे. १७४२ च्या एप्रिलमध्ये फिशँबल स्ट्रीटवरच्या सभागृहात हँडेलच्या ‘मसाया’चा पहिला प्रयोग होता. गर्दी होणार हे दिसताच वर्तमानपत्रातून विनंती छापली गेली: स्त्रियांनी घेरदार झग्यांखालची कडी घालू नयेत, पुरुषांनी तलवार आणू नये. सहाशेंच्या जागेत सुमारे सातशे माणसे मावली. जागा कमी म्हणून माणसे अडवायची नाहीत, त्यांचा पसारा कमी करायचा, असा हा खाक्या! नोंदणीचा पत्ताच नाही.

मग नोंदणी आली कुठून? बोट सहज चार्ल्स डिकन्सकडे जाते. १८६७ मध्ये त्याच्या वाचनाच्या तिकिटांसाठी बॉस्टनमध्ये भल्यामोठ्या रांगा लागल्या आणि ती विकली गेली प्रकाशक टिकनर अँड फील्ड्स यांच्याकडे. लेखक, पुस्तकवाले आणि मोजक्या खुर्च्या, तिन्ही एकत्र आले. पण इथेच हा दावा लंगडा पडतो. तिकिटाला पैसे पुरतात, नाव लागत नाही. म्हणूनच काळाबाजारवाल्यांनी ती घेऊन चढ्या भावाने विकली.

यापेक्षा पटणारा धागा लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवर सापडतो. फॉइल्स या दुकानाच्या मालकाची मुलगी क्रिस्टिना फॉइल हिने १९३० मध्ये साहित्यिक भोजने सुरू केली. ती तेव्हा १९ वर्षांची होती. लेखकाचे भाषण आणि सोबत जेवण. व्याख्यानाला उशिरा आलेला श्रोता मागे उभा राहू शकतो. ताटावर बसणाऱ्याला उभे ठेवता येत नाही. आचाऱ्याला आकडा आधी हवा, यजमानाला कोण कुठे बसणार हे ठाऊक हवे. पुस्तकवाल्यांनी लेखकभेटीला नावे लिहून घेण्याची सवय उचलली ती इथून, असे मानायला भरपूर जागा आहे. पुढे जेवण गळाले, यादी उरली.

आपल्याकडची परंपरा याच्या उलट. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला हा खुला मामला. यावे, बसावे, ऐकावे. त्यामुळे फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणे इथे कुणाला अपराध वाटत नाही. चाळीस खुर्च्यांच्या दुकानाला मात्र ते जड जाते: कागदावर कार्यक्रम भरलेला, समोर रिकाम्या रांगा आणि ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवलेले लोक घरी.

म्हणून मजकुरात आणखी एक ओळ हवीच: ‘५.५० नंतर रिकाम्या खुर्च्या आलेल्यांना दिल्या जातील.’ आणि नाव नोंदवलेल्यांनी, यायचे नसेल तर आदल्या दिवशी तसे कळवावे.