दोन तापमानांच्या नोंदींवरून सक्रियण ऊर्जा कशी काढतात?

नवं औषध किती काळ टिकेल हे तपासताना कंपन्या त्याचे नमुने ४० अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवून पाहतात. उष्णतेत औषध लवकर खराब होतं, त्यामुळे थोड्या दिवसांत बरंच काही कळतं. पण ४० अंशांवरचे सहा महिने म्हणजे ३० अंशांवरचे किती महिने? ते प्रत्येक औषधासाठी वेगळं असतं आणि मुख्यतः एका आकड्यावर ठरतं. तो आकडा म्हणजे सक्रियण ऊर्जा, म्हणजेच ॲक्टिव्हेशन एनर्जी.

सक्रियण ऊर्जा म्हणजे काय?

रेणूचं रूपांतर व्हायचं तर आधी जुने बंध ताणले जावे लागतात आणि त्यासाठी किमान काही ऊर्जा लागते. घाट चढल्याशिवाय पलीकडच्या गावात उतरता येत नाही, तसंच हे. घाटाची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा. तापमान वाढलं की घाट तेवढाच राहतो, पण तो चढू शकणाऱ्या रेणूंची संख्या झपाट्याने वाढते.

ही उंची थेट मोजता येत नाही. मोजता येतो तो अभिक्रियेचा वेग. त्या वेगामागच्या आकड्याला वेग स्थिरांक म्हणतात आणि सूत्रात तो k या अक्षराने लिहितात. तापमान तेच असेल तर k बदलत नाही. तापमान बदललं की बदलतो.

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि k यांचं नातं मांडलं:

```
k = A × e^(−Ea/RT)
```

यात Ea म्हणजे सक्रियण ऊर्जा, T म्हणजे केल्विनमधलं तापमान आणि R म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४. A हा त्या अभिक्रियेचा स्वतःचा आकडा असतो आणि तो बहुतेक वेळा माहीत नसतो. म्हणूनच दोन तापमानं लागतात. दोन्ही k एकमेकांनी भागले की A कटतो आणि हे सूत्र उरतं:

```
Ea = R × ln(k2/k1) ÷ (1/T1 − 1/T2)
```

एक खरं उदाहरण

डायनायट्रोजन पेंटॉक्साइड या वायूचं आपोआप विघटन होतं आणि त्यातून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन तयार होतात. १९२१ मध्ये फॅरिंग्टन डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी वेगवेगळ्या तापमानांना या विघटनाचा वेग मोजला. त्यांचे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत भेटतात.

२५ अंशांना k होता ०.००००३४६ प्रतिसेकंद. या वेगाने निम्मा वायू संपायला साधारण साडेपाच तास लागतात. ६५ अंशांना k होता ०.००४८७ प्रतिसेकंद. इथे निम्मा वायू अडीच मिनिटांच्या आतच संपतो. आता गणित करू.

पहिली पायरी तापमानाची. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन आणि ६५ अंश म्हणजे ३३८ केल्विन.

दुसरी पायरी गुणोत्तराची. ०.००४८७ ला ०.००००३४६ ने भागलं की सुमारे १४१ येतात, म्हणजे वेग १४१ पट झाला. कॅल्क्युलेटरवरचं ln बटण वापरून याचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढला की ४.९४७ मिळतो.

तिसरी पायरी व्यस्तांची. १ भागिले २९८ म्हणजे ०.००३३५५७ आणि १ भागिले ३३८ म्हणजे ०.००२९५८६. दोन्हींतला फरक ०.०००३९७१. हे आकडे मधेच गोळाबेरीज करून लिहू नयेत, कारण सगळं उत्तर या छोट्या फरकावर उभं असतं.

शेवटी ८.३१४ गुणिले ४.९४७, भागिले ०.०००३९७१. उत्तर येतं सुमारे १,०३,६०० ज्यूल प्रति मोल, म्हणजेच १०३.६ किलोज्यूल प्रति मोल.

कुठे चुकतं आणि ते कसं ओळखायचं?

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे तापमान सेल्सिअसमध्येच ठेवणं. याच उदाहरणात २५ आणि ६५ तसेच घातले तर उत्तर येतं जेमतेम १.७ किलोज्यूल. इतका लहान घाट असता तर तापमान वाढून वेगात फारसा फरक पडलाच नसता. इथे तर तो १४१ पट झाला आहे, त्यामुळे ही चूक लगेच दिसते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ln ऐवजी log हे बटण दाबलं तर उत्तर येतं ४५ किलोज्यूल. अशी सक्रियण ऊर्जा असलेल्या अभिक्रिया खरोखर असतात, त्यामुळे शंका येत नाही. ती पकडायची तर आलेलं उत्तर मूळ सूत्रात परत घालून पाहावं. ४५ किलोज्यूल धरले तर २५ ते ६५ अंशांत वेग फक्त साडेआठ पट वाढायला हवा. प्रयोगात तो १४१ पट वाढला होता.

तिसरी अडचण गणिताची नाही, मोजमापाची आहे. समजा, वरच्या तापमानाचा k मोजताना ५ टक्के जास्त आला. तापमानांत ४० अंशांचं अंतर असेल तर उत्तर फक्त १ टक्क्याने हलतं. तीच चूक २५ आणि ३५ अंशांच्या जोडीत झाली तर उत्तर साडेतीन टक्क्यांहून जास्त हलतं. म्हणून दोन तापमानं एकमेकांच्या फार जवळची नसावीत.

दोन नोंदी पुरेशा असतात का?

उत्तर काढायला पुरतात, ते तपासायला पुरत नाहीत. कुठल्याही दोन बिंदूंमधून एक सरळ रेषा काढता येतेच. अभिक्रिया सगळ्या तापमानांना त्याच रेषेवर चालते की नाही, हे तिसरा बिंदू सांगतो.

या उदाहरणात तो बिंदू उपलब्ध आहे. १०३.६ किलोज्यूल धरून ४५ अंशांचा k काढला तर ०.०००४८० येतो. प्रत्यक्षात मोजलेला k होता ०.०००४९८. फरक जेमतेम ४ टक्क्यांचा, म्हणजे उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

मग औषधाचं काय?

एखादं औषध खराब होण्याची सक्रियण ऊर्जा ५० किलोज्यूल असेल तर ३० वरून ४० अंशांवर गेल्यावर वेग सुमारे १.९ पट होतो. म्हणजे ४० अंशांवरचे सहा महिने ३० अंशांवरच्या साधारण ११ महिन्यांइतके. हीच ऊर्जा १०० किलोज्यूल असेल तर वेग साडेतीन पट होतो आणि तेच सहा महिने साधारण २१ महिन्यांइतके ठरतात. ‘तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट’ हा शाळेतला नियम पहिल्या औषधाला जवळपास लागू पडतो, दुसऱ्याला नाही.

मात्र हा हिशेब एका अटीवर चालतो. दोन्ही तापमानांना औषध एकाच पद्धतीने खराब होत असलं पाहिजे. गरम झाल्यावर मलम वितळलं किंवा एखादं प्रथिन उलगडलं, तर वरच्या तापमानाला वेगळीच प्रक्रिया सुरू होते आणि तिथला आकडा खाली लावता येत नाही. म्हणूनच कंपन्या काही नमुने नेहमीच्या साठवणुकीच्या तापमानालाही दीर्घकाळ ठेवून तपासत राहतात.