छातीतली जळजळ आणि तीन पिढ्यांची औषधं

आज गोष्ट आम्लाची. १९७० च्या दशकापर्यंत जळजळीवर खरं औषध एकच प्रकारचं होतं: अँटासिड. खायचा सोडा, मॅग्नेशियाचं दूध, फसफसणारं चूर्ण. पोटात तयार झालेलं आम्ल ते तिथल्या तिथे मारतात. म्हणून काही मिनिटांत आराम पडतो, पण पोट रिकामं असेल तर तास-अर्ध्या तासात औषध पुढे सरकतं आणि जळजळ परत येऊ शकते.

आम्ल मारण्याऐवजी ते बनूच द्यायचं नाही, हा विचार १९६४ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी इंग्लंडमध्ये हाती घेतला. हिस्टामिनमुळे आम्ल सुटतं हे माहीत होतं, पण सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी ते थांबत नव्हतं. म्हणजे जठरात हिस्टामिनसाठी वेगळंच कुलूप असणार! त्याची किल्ली शोधायला बरीच वर्षं गेली. मेटियामाइड हे औषध तर उत्तम चाललं, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते सोडावं लागलं. रेणूचा तो भाग बदलून सिमेटिडीन आलं, १९७६ मध्ये. आज आपल्याकडे मिळणारी फॅमोटिडीन त्याच घराण्यातली. तिचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि दहा-बारा तास टिकतो. रोज घेतली तर मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत जोर कमी होतो.

तिसरी पिढी स्वीडनची. १९८८ मध्ये बाजारात आलेलं ओमेप्राझोल थेट आम्ल सोडणारा पंपच कायमचा बंद करतं. कायमचा म्हणजे तो पंप गेला, शरीर नवे बनवतं. पण गंमत अशी की चालू असलेलाच पंप त्याच्या हाती लागतो, आणि औषध रक्तात दोन-चार तासच असतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची. पूर्ण परिणामाला एक ते चार दिवस लागतात.

आता समजा, रात्री नऊला झणझणीत मिसळ झाली आणि अकराला छाती जळतेय. तेव्हा ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल घेणं म्हणजे पाहुणे गेल्यावर पंगत मांडणं. तेव्हा अँटासिडच. उद्या लग्नाचं जेवण आहे हे ठाऊक असेल, तर तासभर आधी फॅमोटिडीन. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस जळजळ होत असेल, तर पंप बंद करणाऱ्या गोळीचा चौदा दिवसांचा कोर्स. आपल्याकडे कुठल्याही गोळीसोबत 'ॲसिडिटीची एक' घ्यायची सवय आहे, ती मला पटत नाही.

रक्तदाबवाल्यांनी सोड्याच्या चूर्णापासून जपावं, त्यात सोडियम भरपूर असतं. आणि जळजळीसोबत घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ असेल तर गोळी शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. गिळताना अडकतंय, शौच काळी होतेय, वजन उतरतंय, तर डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.