ब्लँक व्यास (डीप ड्रॉइंगच्या गोल कपासाठी)

सपाट पत्र्यापासून पंच आणि डाय वापरून सरळ भिंतीचा गोल कप ओढण्याआधी जी गोल चकती कापतात, तिचा व्यास. धातूचे आकारमान ओढताना बदलत नाही. पत्रा तळाच्या वळणाशी थोडा पातळ आणि काठाशी थोडा जाड होतो, पण सरासरी जाडी साधारण तेवढीच राहते. म्हणून चकतीचे आणि कपाचे क्षेत्रफळ समान धरतात.

कपाचा व्यास d व उंची h असेल, तर तळाचे क्षेत्रफळ πd²/4 आणि भिंतीचे πdh. ही बेरीज चकतीच्या πD²/4 इतकी मांडली की सूत्र मिळते:

D = √(d² + 4dh)

मापे पत्र्याच्या मध्यरेषेवर घ्यायची असतात. बाहेरचा व्यास 51 मिमी आणि पत्रा 1 मिमी असेल, तर d = 50 मिमी.

हे सूत्र तळाचा कोपरा काटकोनी धरते. प्रत्यक्षात तेथे गोलाई (r) असते आणि तेवढा धातू कमी लागतो. d हा r च्या वीसपट किंवा जास्त असेल, तर हा फरक सोडून देतात. त्याखाली सपाट तळ, गोलाई आणि भिंत यांची क्षेत्रफळे वेगळी काढून जोडतात.

उदाहरणार्थ, d = 50, h = 30, r = 5 मिमी. काठ ओढल्यावर कधीच एकसारखा येत नाही. पत्रा लाटल्याच्या दिशेनुसार धातू कमीजास्त ताणला जातो आणि काठावर बहुधा चार 'कान' उठतात. ते कापण्यासाठी येथे 3 मिमी वाढवून h = 33 घेऊ. प्रत्येक क्षेत्रफळाला 4/π ने गुणले, की D² मधला त्याचा वाटा मिळतो:

सपाट तळ: 40² = 1600
भिंत: 4 × 50 × 28 = 5600
गोलाई: सुमारे 1457

बेरीज 8657, म्हणून D ≈ 93 मिमी. साध्या सूत्राने 95.4 मिमी आले असते आणि कप सुमारे 2.2 मिमी जास्त उंच निघाला असता.

D/d हे गुणोत्तर येथे 1.86 आहे. मऊ पोलादी पत्र्यात पहिल्या ओढीची मर्यादा साधारण 2 असते, म्हणून हा कप एका ओढीत निघू शकतो. काटकोनी सूत्रात D/d = 2 ठेवले, तर h = 0.75d येते. याहून बराच उंच कप एका ओढीत काढू गेल्यास तळाच्या वळणाजवळ भिंत फाटते. तेव्हा दोन किंवा अधिक ओढी लागतात, पण अंतिम कप तोच असल्याने ब्लँक व्यास तोच राहतो.

पंच व डायमधली फट पत्र्यापेक्षा कमी ठेवून भिंत मुद्दाम पातळ केली, तर समान क्षेत्रफळाचा नियम लागू पडत नाही. तेथे आकारमान समान धरतात. इतरत्रही हिशेबाचा व्यास सुरुवातीचाच मानतात: चाचणीचा कप ओढून दोन कानांमधल्या सर्वांत खोल जागी उंची मोजतात, आणि चकती कापण्याची डाय त्यानंतरच पक्की करतात.