हे सूत्र की भाष्य?

छापील न्यायसूत्र उघडलं की गौतमाचं सूत्र ठळक अक्षरांत आणि वात्स्यायनाचं भाष्य त्याखाली, अशी सोय असते. पोथीत ती बहुधा नसते. शब्द एकमेकांना चिकटलेले, मजकूर सलग, आणि सूत्र कुठे संपलं हे सांगायला फार तर एखादा दंड. तोही लेखकूच्या मर्जीवर.

अडचण इथून सुरू होते. वात्स्यायन पुष्कळदा स्वतःच एक त्रोटक वाक्य लिहितो आणि पुढे तेच उलगडून सांगतो. म्हणजे ‘ज्याचा अर्थ सांगितला ते सूत्र’ ही कसोटी आपल्याला फसवते.

त्यात समासाची भर. नकलताना गळलेले शब्द समासात लिहितात, तसेच वाचकाचं टिपणही समासातच येतं. गळलेल्या मजकुरासाठी ओळीत काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण असते. ती पुसट झाली, की पुढचा नकलकार टिपणही मजकुरात घेतो. मग आपण काय करायचं? ते शब्द वगळून वाचायचं. वाक्य पूर्ण लागत असेल, तर संशय धरायचा.

समजा, असं एक त्रोटक वाक्य समोर आलं. आम्ही आधी उद्योतकराचं वार्तिक उघडतो आणि तो त्याला सूत्र म्हणतो का, ते पाहतो. मग त्यावरची वाचस्पतिमिश्रांची तात्पर्यटीका. तिथे पूर्ण वाक्य मिळत नाही. पहिले एकदोन शब्द आणि ‘इति’, एवढंच. याला प्रतीक म्हणतात. वार्तिकाची पोथी शेजारी उघडी नसेल, तर टीका लागतच नाही. शिवाय प्रतीकावरून ते शब्द वाचस्पतींसमोर होते एवढं कळतं. ते कुणाचे, हे कळत नाही.

ही अडचण खुद्द वाचस्पतींनाही होती, बरं का! म्हणून त्यांच्या नावावरच्या न्यायसूचीनिबंधात सूत्रांची यादीच आहे: 5 अध्याय, 10 आह्निकं, 84 प्रकरणं, 528 सूत्रं. अक्षरंसुद्धा मोजली आहेत, 8385. अक्षरं कोण मोजतो? ज्याला बाहेरचं वाक्य आत शिरण्याची धास्ती आहे, तो.

पण यादीत सापडलं म्हणजे निकाल लागला, असं नाही. यादी वात्स्यायनानंतर काही शतकांची आहे. वाचस्पतींनी काय सूत्र मानलं ते ती सांगते. गौतमाने काय लिहिलं ते नव्हे. वाक्य सूत्र ठरलं तर विचार गौतमाचा, भाष्य ठरलं तर वात्स्यायनाचा, आणि टिपण ठरलं तर कुणा अनाम वाचकाचा. ‘न्यायदर्शन असं म्हणतं’ हे वाक्य लिहिण्याआधी आपण कोणत्या थरावर बोट ठेवलंय, एवढं तपासून घ्यावं.